‘बंद कर!’ म्हणजे नक्की काय बंद? फवारणी ड्रोनचे शब्द मराठीत आणताना



फवारणी ड्रोनच्या व्यवसायावरचे व्हिडिओ पाहणाऱ्यांपैकी अनेकांच्या डोक्यात एक वेगळा धंदा आहे. स्वतः ड्रोन विकत न घेता, ड्रोन चालवायला शिकणाऱ्यांसाठी मराठीत साहित्य तयार करायचं. म्हणजे पुस्तिका, तक्ते, छोटे व्हिडिओ, सरावाचे वर्ग. कल्पना चांगली आहे, कारण ड्रोनचं मॅन्युअल इंग्रजीत, स्क्रीन इंग्रजीत, आणि शिकणारी ताई मात्र पौड किंवा कोळवणकडच्या एखाद्या बचत गटातली. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत गटातल्या एका सदस्येला एकूण १५ दिवसांचं प्रशिक्षण ठरवलेलं आहे. त्यातले ५ दिवस ड्रोन पायलटचे सक्तीचे आणि उरलेले १० दिवस शेतातल्या वापराचे. एवढ्या दिवसांत नवं यंत्र शिकायचं, नवी भाषाही शिकायची, हे जड जातं. तिथे तुमच्या मराठी साहित्याला जागा आहे.

आधी एक मर्यादा स्पष्ट करतो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे पायलटचं प्रमाणपत्र फक्त डीजीसीएने मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेतूनच मिळतं. तुम्ही पुस्तिका काढू शकता, पूर्वतयारीचा वर्ग घेऊ शकता, अशा संस्थेला साहित्य पुरवू शकता. प्रमाणपत्र देतो असं मात्र जाहिरातीत लिहायचं नाही.

आता मुद्द्यावर येऊ. बहुतेक जण भाषांतराला बसतात ते शब्दकोश उघडून. फ्लाइट कंट्रोलर म्हणजे उड्डाण नियंत्रक, पेलोड म्हणजे भार, बॅटरी म्हणजे विद्युतघटमाला. असे दोनशे शब्द झाले की पुस्तिका तयार! पण अवघड शब्दांमुळे शेतात फारसा घोळ होत नाही. अवघड शब्द कळला नाही तर माणूस थांबतो आणि विचारतो. घोळ होतो तो सोप्या शब्दांमुळे. ‘बंद कर’, ‘उतरव’, ‘परत घे’, ‘पंप’, ‘उंची’, ‘चार्ज करून ठेव’. हे शब्द सगळ्यांना कळतात, पण प्रत्येकाला वेगळे कळतात. म्हणून कुणी थांबतही नाही आणि विचारतही नाही.

म्हणून आजचा धडा एकाच कसोटीवर आहे. शब्द ऐकल्यावर हात काय करतो? दोन माणसांचे हात दोन वेगळ्या गोष्टी करत असतील, तर तो शब्द कितीही शुद्ध मराठी असला तरी आपल्या पुस्तिकेत चालणार नाही.

शब्दांचे तीन ढीग करा

भाषांतराला सुरुवात करण्याआधी सगळे शब्द कागदावर लिहून काढा आणि त्यांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग स्क्रीनवर दिसणाऱ्या शब्दांचा. Arm, Disarm, Loiter, RTL, Failsafe हे शब्द रिमोटवर किंवा मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये असेच दिसणार आहेत. यांच्या जागी मराठी शब्द बसवू नका. शिकणारीने ‘सज्ज’ पाठ केलं आणि स्क्रीनवर Arm दिसलं, तर तिला दोन शब्द लक्षात ठेवावे लागतात. त्यापेक्षा शब्द जसाच्या तसा ठेवा, उच्चार देवनागरीत द्या आणि पुढे एका वाक्यात काय घडतं ते लिहा. ‘Arm, उच्चार आर्म: आता मोटर फिरू शकतात, पंख्यांजवळ हात नाही.’ झालं.

दुसरा ढीग शेतात ओरडून सांगायच्या शब्दांचा. फवारणीला सहसा दोन माणसं असतात, एक पायलट आणि एक मदतनीस. दोघांमध्ये पन्नास-शंभर मीटर अंतर, वर पंख्यांचा आवाज. हे शब्द पक्के मराठी हवेत, छोटे हवेत आणि एकमेकांपेक्षा वेगळे ऐकू यायला हवेत.

तिसरा ढीग समजून घ्यायच्या शब्दांचा. व्होल्टेज, करंट, सेल, नोझल वगैरे. पाठ्यपुस्तकात व्होल्टेजला विभवांतर आणि करंटला विद्युतधारा म्हणतात. हे शब्द चुकीचे नाहीत, पण गावातला वायरमन, मोटर रिवाइंडिंगवाला आणि ड्रोन दुरुस्त करणारा, तिघेही व्होल्टेज आणि करंटच म्हणतात. तुमच्या शिकणारीला उद्या यांच्याशीच बोलायचं आहे. म्हणून इथे रूढ शब्द ठेवा आणि अर्थ नीट समजावा.

खरी मेहनत दुसऱ्या ढिगावर आहे. तिथेच आधी जाऊ.

फ्लाइट कंट्रोलर: ‘बंद’, ‘उतरव’ आणि ‘परत’

फ्लाइट कंट्रोलर म्हणजे ड्रोनच्या मधोमध बसवलेली छोटी पेटी. जीपीएस, होकायंत्र, हवेचा दाब मोजणारा सेन्सर यांच्याकडून माहिती घेऊन ती प्रत्येक मोटरचा वेग सेकंदाला शेकडो वेळा ठरवते. पायलट फक्त इच्छा सांगतो आणि पेटी ती अमलात आणते. त्यामुळे पायलटने नेमकी कोणती इच्छा सांगायची हे मदतनीसाच्या हाकेतून स्पष्ट व्हायला हवं.

आता ‘बंद कर!’ ही हाक घ्या. ड्रोन शेताच्या टोकाला गेला आहे, शेजारच्या भाजीवर औषध उडतंय, मदतनीस ओरडतो, ‘बंद कर!’ त्याच्या मनात आहे फवारा बंद कर. पण पायलटच्या हातात बंद करण्यासारख्या निदान तीन गोष्टी आहेत: फवाऱ्याचं बटण, चालू असलेलं आपोआप उड्डाण आणि मोटर. अनेक रिमोटवर मोटर तातडीने थांबवायची सोय असते. ती जमिनीवर जीव वाचवण्यासाठी आहे, म्हणजे कुणी पंख्याजवळ गेलं तर. हवेत तीच वापरली तर ड्रोन तरंगत खाली येत नाही, भरलेल्या टाकीसकट दगडासारखा पडतो. दोन्हींना मराठीत आपण ‘बंद’ म्हणतो.

उपाय सोपा आहे. ‘बंद’ हा शब्द एकट्याने वापरायचाच नाही असा नियम पुस्तिकेच्या पहिल्या पानावर टाका. फवाऱ्यासाठी ‘फवारा तोड’, ड्रोन आहे तिथेच हवेत थांबवायचा असेल तर ‘जागेवर!’, आणि जमिनीवर असताना मोटर थांबवायची असेल तर ‘मोटर काट!’. तिन्ही हाका वेगळ्या ऐकू येतात आणि एकीच्या जागी दुसरी जात नाही.

दुसरा शब्द ‘उतरव’. ड्रोन उतरव, टाकी उतरव, आणि बॅटरी तर स्वतःच ‘उतरते’. जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरली की आपण हेच म्हणतो. मदतनीसाने रिमोटच्या स्क्रीनकडे बघून ‘बॅटरी उतरली’ म्हटलं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? थोडी कमी झाली, की संपत आली, की आता ड्रोन उतरवायचा? म्हणून ‘उतरणे’ हे क्रियापद फक्त ड्रोन जमिनीवर येण्यासाठी राखून ठेवा. टाकी आणि बॅटरी ‘काढायची’, आणि बॅटरीचं प्रमाण नेहमी आकड्यात सांगायचं. ‘तीस टक्के’ ऐकल्यावर दोन अर्थ निघत नाहीत.

तिसरा शब्द ‘परत’. मराठीत ‘परत’ म्हणजे मागे आणि ‘परत’ म्हणजे पुन्हा. ‘परत घे’ म्हटल्यावर एक पायलट ड्रोन माघारी आणेल, तर दुसरा तोच पट्टा पुन्हा फवारेल. एकाच जागी दोनदा औषध पडलं की पान करपतं. आपल्या मावळ-मुळशी भागात यासाठी एक पक्का शब्द आहेच: ‘माघारी’. RTL म्हणजे ड्रोनने स्वतःहून जिथून उडाला तिथे यायचं. त्यासाठी हाक ‘माघारी!’ आणि पट्टा पुन्हा मारायचा असेल तर ‘पुन्हा’. ‘परत’ पुस्तिकेतून काढून टाका.

‘होम’ म्हणजे घर नव्हे, आणि ‘उंची’ दोन आहेत

RTL समजावताना ‘होम’ हा शब्द येतो. बरेच जण तिथे ‘घर’ लिहितात. शिकणारीला वाटतं, ड्रोन घरी जाणार. ड्रोनच्या भाषेत होम म्हणजे ज्या जागी तो उडण्यासाठी आर्म केला ती जागा. एका शेतातून दुसऱ्या शेतात ड्रोन उचलून नेला आणि तिथे आर्म केला की होम बदलतं. मी यासाठी ‘तळ’ हा शब्द तपासून पाहिला, लष्करी तळासारखा. पण लगेच अडलं, कारण टाकीलाही तळ असतो. ‘तळाशी काय आहे बघ’ म्हटलं की माणूस टाकीत डोकावतो. म्हणून मी ‘उड्डाणजागा’ सुचवतो. थोडा लांब आहे, पण दुसऱ्या कशाशी गोंधळत नाही. आणि तिच्यासोबत एक नियम जोडता येतो: ड्रोन हवेत असताना उड्डाणजागेवर कुणीही उभं राहायचं नाही, कारण सिग्नल तुटला तर तो न विचारता तिथेच येणार.

आता ‘उंची’. सपाट प्रदेशात हा शब्द त्रास देत नाही. मुळशीत देतो, कारण इथली भातखाचरं डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी आहेत. फ्लाइट कंट्रोलरला दोन वेगळ्या उंची माहीत असतात. एक, उड्डाणजागेपासून किती वर. दुसरी, खालच्या पिकापासून किती वर, जी ड्रोनच्या पोटाखालचा रडार किंवा तसा सेन्सर मोजतो. फवारणी पिकावरच्या उंचीने चालते, साधारण दोन ते तीन मीटर. माघारी येणं मात्र बहुधा उड्डाणजागेपासूनच्या उंचीने होतं.

उदाहरणाने बघू. समजा तुम्ही रस्त्याच्या कडेला उड्डाणजागा घेतली. फवारायचं खाचर पलीकडे आहे आणि मधे एक उंचवटा आहे, रस्त्यापेक्षा ६ मीटर वर. त्या उंचवट्यावर आंब्याची झाडं आहेत, १२ मीटर उंच. म्हणजे झाडांचे शेंडे रस्त्यापासून १८ मीटरवर. खाचर रस्त्याच्याच पातळीत आहे. ड्रोन झाडांना वळसा घालून खाचरात नेला आहे आणि पिकावर ३ मीटरने फवारतोय.

इतक्यात रिमोटचा सिग्नल तुटतो. फेलसेफ सुरू होतो, म्हणजे संकटात काय करायचं हे आधीच सांगून ठेवलेलं असतं ते ड्रोन करू लागतो. तो आधी सरळ वर जातो आणि मग उड्डाणजागेकडे सरळ रेषेत निघतो. किती वर जायचं हे एका सेटिंगमध्ये असतं. ArduPilot या प्रणालीत त्याचं नाव `RTL_ALT`, आणि मूळ आकडा 1500, तो सेंटीमीटरमध्ये. म्हणजे १५ मीटर. झाडं १८ मीटरवर. येताना वळसा पायलटने घातला होता, माघारी जाताना ड्रोन वळसा घालणार नाही. अडथळा ओळखणारा सेन्सर नसेल तर तो सरळ फांद्यांमध्ये घुसेल.

इथे पायलटला फ्लाइट कंट्रोलर चालवता येत होता. तरीही ड्रोन गेला, कारण ‘माघारीची उंची १५ मीटर’ हे वाक्य त्याने ‘झाडांपासून १५ मीटर वर’ किंवा ‘जमिनीपासून १५ मीटर वर’ असं वाचलं. म्हणून पुस्तिकेत ‘उंची’ एकटी लिहायची नाही. ‘पिकावरची उंची’ आणि ‘उड्डाणजागेपासूनची उंची’ असे दोन शब्द ठेवा. आणि उड्डाणाआधीच्या यादीत हा प्रश्न घाला: ‘उड्डाणजागा आणि शेत यांच्यामध्ये सगळ्यात उंच काय आहे, आणि ते उड्डाणजागेपासून किती वर आहे?’ आपल्या उदाहरणात उत्तर १८ मीटर. मग माघारीची उंची त्याच्यावर निदान दहा मीटर, म्हणजे २८-३० मीटर हवी, नाहीतर उड्डाणजागाच बदलायला हवी. बहुतेक वेळा जागा बदलणं जास्त सोपं असतं.

उलटी परिस्थितीही दाखवा. उड्डाणजागा वरच्या खाचरात घेतली आणि दहा मीटर खालचं खाचर फवारलं, तर पिकावर ३ मीटर असलेल्या ड्रोनची उंची स्क्रीनवर उणे ७ दिसू शकते. नवखी पायलट हे पाहून घाबरते, ड्रोन जमिनीत गेला की काय म्हणून वर खेचते आणि औषध वाऱ्यावर जातं. ‘उड्डाणजागेपासूनची उंची’ हा शब्द तिच्या डोक्यात पक्का असेल तर उणे आकड्यात विचित्र काहीच नाही.

पेलोड: ‘पंप’ या शब्दाने औषध चुकतं

पेलोड म्हणजे ड्रोन स्वतःच्या वजनाशिवाय कामासाठी जे उचलतो ते. फवारणी ड्रोनमध्ये ते मुख्यतः टाकीतलं औषध-पाणी. याला ‘भार’ म्हणावं असं वाटतं, पण भारनियमनामुळे ‘भार’ म्हटलं की आपल्याला वीज आठवते. त्यातून बॅटरीच्या धड्यात ‘लोड आल्यावर व्होल्टेज पडतं’ असं वाक्य येणारच आहे. म्हणून इथे ‘टाकीचं वजन’ म्हणा. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, हे गणित कुणालाही समजतं.

पण पेलोडमधला सगळ्यात महागडा शब्द वेगळाच आहे: ‘पंप’. आपल्याकडे शेतकरी पाठीवरच्या फवारणी यंत्रालाच पंप म्हणतो, आणि पंप हे मापही आहे. ‘एकराला दहा पंप लागतात’, ‘पंपाला बारा मिली टाक’. ड्रोनमध्ये मात्र पंप म्हणजे टाकीतलं पाणी नोझलकडे ढकलणारी छोटी मोटर. भाषांतरात ‘पंप’ लिहिलं की शिकणारीच्या डोक्यात जुनं माप जागं होतं.

हिशेब करू. समजा एका औषधाच्या लेबलवर हेक्टरी ३०० मिली लिहिलंय. हेक्टर म्हणजे अडीच एकराच्या जवळपास, म्हणून एकरी १२० मिली. पाठीवरचा पंप १६ लिटरचा आणि एकराला दहा पंप, म्हणजे पंपाला १२ मिली. हेच प्रमाण शेतकऱ्याला पाठ आहे.

आता ड्रोन आला. त्याच्या टाकीत १० लिटर मावतात आणि ठरवलेल्या सेटिंगने त्या टाकीत एक एकर होतो. मदतनीस विचार करतो, ड्रोनचा पंप दहा लिटरचा, म्हणजे बारा मिलीपेक्षा थोडं कमी. तो आठ मिली टाकतो. एकराला १२० मिली जायला हवं होतं, गेलं आठ. फवारणी दिसायला व्यवस्थित झाली, पण तुडतुडे तसेच. शेतकरी म्हणतो, ड्रोनची फवारणी लागू पडत नाही. तुमचं गिऱ्हाईक गेलं, आणि शेजारच्या चार जणांपर्यंत बातमी पोहोचली.

म्हणून ‘पंपाला किती’ हा प्रश्नच बंद करा. पुस्तिकेत मोजायची दोनच मापं ठेवा: क्षेत्राला किती मिली आणि क्षेत्राला किती लिटर पाणी. टाकीचा क्रमांक त्यानंतर. आणि मुळशीत क्षेत्र एकरात नाही, गुंठ्यांत सांगतात. तेव्हा उदाहरण गुंठ्यांत द्या. १५ गुंठ्यांचं खाचर, ४० गुंठ्यांचा एकर. औषध: १२० चे पंधरा चाळीसांश, म्हणजे ४५ मिली. पाणी: १० लिटरचे पंधरा चाळीसांश, म्हणजे पावणेचार लिटर. एवढंच टाकीत.

इथे टाकीच्या वजनाचा धडाही आपोआप होतो. सवयीने टाकी पूर्ण भरली तर पंधरा गुंठ्यांसाठी ड्रोन सव्वासहा किलो फुकट उचलून फिरतो. बॅटरी लवकर संपते, आणि उरलेलं औषध ओढ्यात ओतायचा मोह होतो तो वेगळाच.

ड्रोनमध्ये कमी पाण्यात तेवढंच औषध जात असल्यामुळे द्रावण घट्ट होतं. म्हणून पुस्तिकेत एक ओळ ठळक हवी: ज्या पिकावर ज्या औषधाला ड्रोनने फवारायची मान्यता आहे तेच, आणि लेबलवरच्या प्रमाणातच. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने ड्रोन फवारणीची कार्यपद्धती प्रसिद्ध केली आहे. मराठी पुस्तिका तिच्याशी जुळवूनच लिहा.

बॅटरी: मोबाइलची भाषा इथे चालत नाही

बॅटरीचे शब्द सगळ्यांना मोबाइलमुळे येतात, आणि अडचण तीच आहे. मोबाइलची बॅटरी ‘संपली’ म्हणजे फोन बंद पडला, चार्जरला लावला, विषय संपला. ड्रोन हवेत असतो. त्याची बॅटरी ‘संपेपर्यंत’ वापरायची नसते.

फवारणी ड्रोनमध्ये बहुधा लिथियम पॉलिमर बॅटरी असते. तिच्यात सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. बारा सेलची बॅटरी असेल तर ५०.४ व्होल्ट. उडताना सेल ३.५ व्होल्टच्या आसपास आला की उड्डाण संपवायची वेळ झालेली असते. ३ व्होल्टच्या खाली गेला तर सेल कायमचा बिघडतो. म्हणजे ‘संपली’ हा शब्द ज्या क्षणाला आपण वापरतो, त्याच्या बऱ्याच आधी ड्रोन जमिनीवर हवा.

म्हणून ‘संपली’च्या जागी दोन रेषा शिकवा. पहिली माघारीची रेषा: इथे काम सोडून ड्रोन आणायचा. दुसरी उतरायची रेषा: इथे तो आहे तिथेच जमिनीवर घ्यायचा. फ्लाइट कंट्रोलरमध्येही नेमक्या याच दोन पायऱ्या असतात. ArduPilot मध्ये `BATT_LOW_VOLT` आणि `BATT_CRT_VOLT` अशी त्यांची नावं. आकडे उत्पादकाने ठरवलेले असतात. ते वाचायला शिकवा, बदलायला नको.

भरलेल्या टाकीने उड्डाण घेताना मोटर जास्त करंट ओढतात आणि व्होल्टेज क्षणात खाली येतं, हलका झाल्यावर थोडं वर जातं. हे समजावल्याशिवाय ‘तीस टक्के आहे, अजून एक टाकी होईल’ हा हिशेब थांबत नाही. तीस टक्के रिकाम्या टाकीवर दिसले होते. दहा किलो भरून उचलल्यावर तीच बॅटरी माघारीची रेषा लगेच ओलांडू शकते. सांगायचं वाक्य असं: ‘नवी टाकी, नवी बॅटरी.’ अनेक जण शेतात असंच काम करतात, आणि वाक्य छोटं असल्याने लक्षात राहतं.

आता सगळ्यात धोकादायक वाक्य: ‘चार्ज करून ठेव.’ आपल्याकडे ही शहाणपणाची सूचना आहे. उद्या वीज असेल नसेल, आजच भरून ठेव. लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरून दिवसेंदिवस ठेवली की आत वायू तयार होतो आणि ती फुगते. आणि मुळशीच्या पावसाळ्यात नेमकं हेच घडतं: उद्या फवारणी म्हणून चार जोड्या भरल्या, रात्री पाऊस लागला, तो आठ दिवस हटला नाही. बॅटऱ्या घरात, पूर्ण भरलेल्या.

चार्जरवर यासाठी Storage नावाचा पर्याय असतो. तो प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवतो, म्हणजे साधारण अर्धी बॅटरी. याचं ‘साठवण प्रभार’ असं भाषांतर केलं तर ते पुस्तिकेतच राहील. दोन शब्द द्या: ‘फुल’ आणि ‘निम्मी’. नियम असा: आज उडवायची तर फुल, दोन-तीन दिवस उडवायची नाही तर निम्मी. पाऊस लागला की संध्याकाळचं पहिलं काम, फुल बॅटऱ्या निम्म्यावर आणणं.

फुगलेल्या बॅटरीबद्दल लिहिताना ‘खराब’ हा शब्द टाळा. खराब म्हणजे कमी चालणारी, पण वापरता येणारी, असा अर्थ घेतला जातो. टेबलावर ठेवल्यावर डुलते, बाजू गोल झालीय, आवरण ताणलंय, गोडसर रासायनिक वास येतोय, यातलं एक जरी दिसलं तरी ती ‘बाद’. बाद बॅटरी चार्जरला लावायची नाही, टोचायची नाही, भंगारात टाकायची नाही. घराबाहेर, पेट घेईल असं काही जवळ नाही अशा जागी ठेवायची आणि विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. शिकणारीला हा फरक हाताने कळावा म्हणून वर्गात चांगल्या आणि फुगलेल्या बॅटरीचे फोटो शेजारी-शेजारी लावा.

आणि ‘चार्जिंगला लावून झोपलो’ हे वाक्य ड्रोनच्या घरात ऐकू यायला नको. चार्ज होताना माणूस जवळ हवा, बॅटरी फरशीवर किंवा सिमेंटवर हवी, वाळूची बादली हाताशी हवी. उडून आलेली गरम बॅटरी थंड झाल्याशिवाय लावायची नाही.

भाषांतर तपासायचं कसं?

पुस्तिका लिहून झाली की ती इंग्रजी शिक्षकाला दाखवून उपयोग नाही. पाच अशी माणसं घ्या ज्यांनी ड्रोन उडवलेला नाही. ड्रोनचे पंखे काढून ठेवा, बॅटरी जोडू नका. रिमोट एकाच्या हातात द्या, दुसऱ्याला पन्नास पावलांवर उभं करा. शेजारी पाण्याची मोटर किंवा ट्रॅक्टर चालू ठेवा, म्हणजे शेतातला आवाज मिळेल. मग दूरच्या माणसाने एकेक हाक द्यायची आणि तुम्ही फक्त बघायचं, रिमोटवाल्याचं बोट कुठे जातं.

पाचही जणांचं बोट एकाच जागी गेलं तर शब्द पक्का. एकाचं जरी भलतीकडे गेलं तर त्याला समजावत बसू नका, शब्द बदला. मग पुढचा प्रयोग: टाकीजवळ माणूस उभा करा, ‘पंधरा गुंठे’ एवढंच सांगा आणि किती मिली मोजतो ते बघा. तिसरा: बॅटरी हातात द्या आणि ‘परवा उडवायचंय, मग हिचं काय करायचं?’ विचारा. या तीन चाचण्यांत जे शब्द टिकले, ते छापा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या गावातल्या फवारणी करणाऱ्या दोन माणसांसोबत एक सकाळ घालवा. ते कामात जी क्रियापदं वापरतात ती सगळी लिहून घ्या: भर, तोड, काढ, धर, सोड, ओत. प्रत्येकापुढे लिहा, ड्रोनजवळ हा शब्द ऐकला तर हात किती ठिकाणी जाऊ शकतो. ज्याच्यापुढे एकच जागा येईल, तो तुमच्या पुस्तिकेत घ्या. पुढच्या व्हिडिओत आपण याच पुस्तिकेची किंमत कशी ठरवायची आणि ती मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेपुढे कशी ठेवायची ते पाहू.